१७ वर्षांचं अंतर : पत्ते लोकांबद्दल बोलतायत की आमच्याबद्दल?

निमा, इंदूर
मी २९, तो ४६, घटस्फोटित. रामबागेत आमच्या घरी गहजब चाललाय, आत्याने तर बोलणंच टाकलंय. मी टॅरो पत्त्यांचा केल्टिक क्रॉस मांडला. मध्ये टू ऑफ कप्स, त्यावर आडवा हायरोफंट, आठव्या जागी फाइव्ह ऑफ वॉन्ड्स, नवव्या जागी जजमेंट, शेवटी सिक्स ऑफ पेंटॅकल्स. म्हणजे आम्ही दोघं ठीक, समाज आडवा येतोय, शेवट चांगला. बरोबर ना?

मांडवीकर, बडोदा
अगदी बरोबर. हायरोफंट म्हणजे परंपरा, धर्म, वडीलधारे. जजमेंट तर सरळच आहे, लोकांचा निवाडा. आणि सिक्स ऑफ पेंटॅकल्स उदारपणाचं कार्ड, तो तुला काही कमी पडू देणार नाही. खुशाल पुढे जा.

छावणीवाली, ग्वाल्हेर
हायरोफंटपर्यंत मान्य, जजमेंट नाही. त्या चित्रात देवदूत तुतारी फुंकतोय आणि माणसं आपापल्या शवपेटीतून उठतायत. कोर्ट नाही, पंचायत नाही. ती स्वतःला आलेली हाक आहे. शिवाय नववी जागा आशा आणि भीतीची, म्हणजे निमाच्याच मनातली. लोकांची जागा आठवी. तिथे पाच पोरं काठ्या घेऊन भांडतायत, पण रक्त कुणाचंच निघालेलं नाही. गहजब आहे, तो एवढाच.

आता शेवटचा पत्ता नीट बघा. व्यापारी उभा आहे, एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने नाणी टाकतोय आणि दोघं खाली बसून हात पसरतायत. उदारपणा आहे खरा, पण किती द्यायचं ते तोच ठरवतो. टू ऑफ कप्समध्ये दोघं एकाच उंचीवर समोरासमोर उभी आहेत. सुरुवात बरोबरीची आणि शेवट खालीवर, असं हे रीडिंग आहे. यात आत्या कुठे आली? निमा, घर कुणाचं, नोकरीचं कोण ठरवतं?

निमा
फ्लॅट त्याचा. पुण्याहून ऑफर आली तेव्हा तो नाही म्हणाला नाही. "बघ, इथे काय कमी आहे," एवढंच.

लष्करवाले काका, ग्वाल्हेर
आमच्यात ११ वर्षांचं अंतर. संसार उत्तम झाला. पत्रिका जुळली की वयाचं काही नसतं. गुण किती जुळतात ते आधी सांग.

छावणीवाली
काका, पत्रिकेचं विचारलेलंच नाही हो.

तर्कटराव, इंदूर
७८ पत्ते पिसले की काहीतरी निघणारच. समवयस्क जोडप्याला हेच पाच पत्ते आले असते तर तुम्ही वयाचा व काढला असता का?

छावणीवाली
नसता काढला, आणि इथेही काढत नाहीये. तराजू कुणाच्या हातात हा प्रश्न समवयस्कांनाही लागू आहे. वयाच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, एवढंच. केल्टिक क्रॉसची अडचणही तीच. त्यात विचारणाऱ्याला जागा आहे, जोडीदाराला स्वतःची अशी नाही. म्हणून मी असे प्रश्न दोन ओळींत मांडते. वरच्या ओळीत दोन पत्ते : लोक काय म्हणतात, त्यातलं मला काय टोचतं. खालच्या ओळीत तीन : ती काय देते, तो काय देतो, मतभेद झाला की कोण माघार घेतं. खालची ओळ आधी उघडायची, वाचून लिहून ठेवायची आणि मगच वरची. वरचा पत्ता कितीही काळाकुट्ट निघाला तरी खालचं लिहिलेलं बदलायचं नाही.

सराफ्यातली सून, इंदूर
मला ही वाटणी पटत नाही. तो ६० चा होईल तेव्हा ही ४३ ची असेल. मूल हवं असेल तर दोघांची घाई वेगवेगळी. आत्या हेच म्हणत असेल तर ते लोकांचं बोलणं म्हणून वरच्या ओळीत ढकलणार?

छावणीवाली
आत्या "लोक हसतील" म्हणाली तर वर. "तो ६० चा होईल तेव्हा तुझं काय" म्हणाली तर ते खालच्या ओळीचं, बोलणारं तोंड कुणाचंही असो. दोन्ही एका दमात म्हणाली तर वेगळं करायला वेळ लागतो, हे खरंय.

सराफ्यातली सून
आमच्याकडे सगळे एका दमातच बोलतात.

मांडवीकर
माझंही ऐका जरा. तराजू धरणारा तोच, हे कुणी ठरवलं? पत्त्यावर नाव लिहिलेलं नसतं. उद्या तो आजारी पडला तर देणारी हीच.

छावणीवाली
हे मात्र बरोबर. मीच गृहीत धरलं. निमा, पत्ता उलटला तेव्हा तुझी नजर आधी कुणावर गेली?

निमा
तराजूवाल्यावर. आणि खरं सांगू, तो मला मीच वाटले. पुण्याचं पत्र आल्यापासून तो माझं प्रत्येक म्हणणं मान्य करतोय, अगदी चुकीचंसुद्धा. परवा आईसमोर म्हणाला, "ही म्हणेल तसं." तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तर्कटराव
मग हे पत्त्यांना का विचारतेस? त्याला विचार ना.

निमा
विचारलं तर तो "तू म्हणशील तसं" म्हणणार.