मदत हवी आहे: 2015 चे 45 हजार आणि आजचे 78 हजार, खरी वाढ किती?

चाकणवारी
एप्रिल 2015 मध्ये माझा महिन्याचा ग्रॉस पगार 45,000 होता, एप्रिल 2025 मध्ये 78,000 आहे. तीच कंपनी, तेच खरेदी खाते, फक्त हुद्द्याच्या आधी 'सीनियर' लागलं. परवा एचआरवाल्या बाई म्हणाल्या, "दहा वर्षांत पावणेदोन पट केला की तुमचा पगार." म्हटलं, महागाई काढून बघू काय उरतं.

श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक शोधला. एप्रिल 2015 चा आकडा 256 आणि एप्रिल 2025 चा 143.5! म्हणजे दहा वर्षांत महागाई 44 टक्क्यांनी उतरली आणि आमच्या घरात कुणालाच पत्ता नाही. कुठे चुकतंय?

सोनसाखळी
निर्देशांक सोडा हो. 2015 ला दहा ग्रॅम सोनं सत्तावीस हजारांच्या आसपास होतं, एप्रिल 2025 मध्ये लाखाला टेकलं. तेव्हा तुमच्या पगारात सोळा-सतरा ग्रॅम यायचं, आता आठसुद्धा येत नाही. पगार निम्म्यावर आला. विषय संपला.

चाकणवारी
ताई, मी दर महिन्याला सोनं घेत असतो तर इथे आकडेमोड करत बसलो नसतो. मला भाजी, पेट्रोल, भाडं यांचा हिशेब हवाय.

रविवारचा_सीए
सोपं आहे. आयकर खात्याचा खर्च महागाई निर्देशांक घ्या, दरवर्षी अधिसूचनेने येतो, त्यात वाद नाही. 2015-16 ला 254, 2025-26 ला 376. भागिले तर 1.48. म्हणजे तुमचे 45,000 आजचे 66,600 होतात. मिळतात 78,000. खरी वाढ 17 टक्के. तुम्ही फायद्यात आहात, एचआरशी भांडू नका.

आकडेमोडे
दोघांचेही आकडे बरोबर आहेत, वापर चुकला आहे.

आधी चाकणवारींचं कोडं. 256 हा आकडा 2001 = 100 धरून काढलेल्या मालिकेतला आहे आणि 143.5 हा 2016 = 100 धरलेल्या नव्या मालिकेतला. सप्टेंबर 2020 पासून मालिका बदलली. एक माप शेराचं, दुसरं किलोचं, थेट भागाकार कसा जमेल? दोन मालिका जोडण्यासाठी ब्युरोनेच गुणक दिला आहे, तो 2.88. म्हणून 143.5 ला 2.88 ने गुणा, 413.3 येतात. आता त्याला 256 ने भागा, 1.614. दहा वर्षांपूर्वीचे 45,000 म्हणजे आजचे साधारण 72,650. तुम्हाला मिळतात 78,000. वाढ सव्वासात टक्क्यांच्या थोडी वर, तीही दहा वर्षांची मिळून. वर्षाला पाऊण टक्कासुद्धा नाही.

हे पडताळायचं असेल तर सांख्यिकी मंत्रालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक बघा. तिथे 2012 = 100 ही एकच मालिका दोन्ही तारखांना पुरते. एप्रिल 2015 ला 121 च्या जवळ, एप्रिल 2025 ला 193 च्या जवळ, म्हणजे 1.6 पट. दोन वेगळ्या खात्यांचे, वस्तूंच्या वेगळ्या टोपल्यांचे आकडे इतके जुळले की गुणाकारात घोळ नाही एवढं कळतं.

रविवारचा_सीए
मग सरकारी अधिसूचनेतला 1.48 खोटा का?

आकडेमोडे
खोटा नाही, पण पगारासाठी नाही. तो घर-जमीन विकल्यावर भांडवली नफा काढण्यासाठी केलेला आहे. त्यात आदल्या वर्षी शहरी निर्देशांक जेवढा वाढला त्याच्या फक्त 75 टक्केच वाढ धरतात. म्हणजे महागाईचा चौथा हिस्सा मुद्दाम सोडलेला असतो. एका वर्षात फरक कळत नाही, दहा वर्षांत तुमच्या 66,600 आणि माझ्या 72,650 एवढं अंतर पडतं.

रविवारचा_सीए
75 टक्क्यांचं डोक्यात नव्हतं, मान्य. पण एक राहिलं: कर. 2015-16 मध्ये 5.4 लाखांवर, पीएफ आणि विम्याचे 60 हजार वजा धरले तरी, सूट जाऊन 21,630 कर बसायचा. महिन्याला 1,800. 2025-26 मध्ये नव्या पद्धतीत 9.36 लाखांवर शून्य. हातात येणाऱ्या पैशांत वाढ जास्त दिसेल.

आकडेमोडे
बरोबर. 43,200 ला 1.614 ने गुणलं तर 69,700 होतात, त्यापुढे 78,000 म्हणजे जवळपास 12 टक्के. (बाकीच्या कपाती मी सोडल्या आहेत.) पण ती जादाची वाढ अर्थसंकल्पाने दिली, कंपनीने नाही. घरचा हिशेब करताना हा आकडा घ्या, एचआरसमोर ग्रॉसचाच घ्या.

पेन्शनर_नाना
तुमचं निदान वाढलं तरी. आमच्या ईपीएस 95 ची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे, आजही तेवढीच. यावर कुणी धागा काढेल का?

आकडेमोडे
नाना, त्याच 1.614 ने भागलं तर आजचे 1,000 म्हणजे 2015 चे 620 रुपये. महागाई भत्ता जोडलेला नसला की असं होतं. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

चाकणवारी
खूप आभार. पण माझं भाडं 2015 ला 9,000 होतं, आता 20,000 आहे. सव्वादोन पट! आणि मुलीची शाळेची फी वेगळीच, ती तेव्हा नव्हती.

आकडेमोडे
भाडं स्वतंत्र काढून बघा. 45,000 मधून 9,000 गेले, उरलेल्या 36,000 ला 1.614 ने गुणलं की 58,100. त्यात आजचं भाडं मिळवलं की 78,100. म्हणजे तुमच्यापुरती वाढ शून्य. मात्र 1.614 मध्ये भाड्याचा वाटा आधीच आहे, तेव्हा हे थोडं दुहेरी मोजलं जातं. शून्य ते सात यांच्यामध्ये कुठेतरी आहात एवढंच मी छातीठोक सांगेन.

फी मात्र यात घालू नका. 2015 ला मुलगी शाळेत नव्हती. तो वाढलेला संसार आहे, वाढलेली किंमत नाही.

सोनसाखळी
हे नाही पटत. खिशातून जातं ते जातंच ना? टोपलीत काय घालायचं ते आमचं आम्ही ठरवू.

रिकामटेकडा
मला एक वेगळीच शंका. 2015 ला चाकणवारींना अनुभव किती होता? तीन वर्षांच्या माणसाचा पगार आणि तेरा वर्षांच्या माणसाचा पगार, तुलना करताय कशाची? अनुभवाचे पैसे आणि महागाईचे पैसे एकाच डब्यात टाकलेत.

चाकणवारी
अगदी तीनच वर्षं होती. आणि गंमत सांगू? मागच्या महिन्यात आमच्या खात्यात तीन वर्षं अनुभवाचा एक मुलगा घेतला. 52,000 वर.

आकडेमोडे
मग हाच खरा आकडा. 52,000 ला 1.614 ने भागा, 2015 चे 32,200 होतात. ज्या कामाला तुम्हाला 45,000 मिळायचे त्याच कामाची किंमत कंपनीने पाव हिश्श्याहून जास्त उतरवली आहे. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, त्याची शाखा-पदवी वेगळी असू शकते. आणि एक तपासा: तुमचे 78,000 खरंच ग्रॉस आहेत की सीटीसी भागिले बारा? त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी शिरली असेल तर वरचं सगळं पुन्हा मांडावं लागेल.

चाकणवारी
2015 ची स्लिप सापडली, तिथे ग्रॉस 45,000 स्वच्छ लिहिलंय. आताचा आकडा मी पगारवाढीच्या पत्रातून घेतला होता. पत्रात खाली 'एम्प्लॉयर काँट्रिब्युशन' अशी एक ओळ आहे. सोमवारी पोर्टलवरून स्लिप काढतो आणि इथे टाकतो.