प्रतिसाद: गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता, बीएडचं प्रेझेंटेशन

"थिअरी पण मांडायचीय आणि पुरावा कच्चा आहे हेही सांगायचंय, टीका नेमकी कुठून सुरू करू?"

माझ्या मते सगळा भर एकाच मुद्द्यावर दे, या बुद्धिमत्ता खरंच एकमेकींपासून वेगळ्या आहेत का. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरने १९८३ साली मांडलं की बुद्धी एकच नसते, भाषा, तर्क, संगीत अशा सात वेगवेगळ्या बुद्धिमत्ता असतात, नंतर निसर्गविषयक धरून आठ झाल्या, आणि त्याचा दावा असा की त्या बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. आता तसं असेल तर भाषेच्या चाचणीतल्या मार्कांवरून गणिताच्या मार्कांचा काहीच अंदाज यायला नको ना? पण येतो, एकीत पुढे असलेला माणूस साधारणपणे दुसरीतही पुढे असतो, आणि हे मानसशास्त्रज्ञ स्पीअरमनने १९०४ मध्येच दाखवलं होतं.

२००६ मध्ये विसर, अ‍ॅश्टन आणि व्हर्नन या संशोधकांनी तर आठही बुद्धिमत्तांसाठी प्रत्येकी दोन चाचण्या घेतल्या, २०० लोकांवर. भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग या सगळ्यांमागे एकच सामायिक क्षमता ठळक दिसली, शारीरिक आणि संगीत मात्र बरंचसं वेगळं निघालं. हा अपवाद स्लाइडवर नक्की टाक, लपवू नकोस. गार्डनरचं उत्तरही टाक, की या चाचण्या माझी कल्पना मोजतच नाहीत. मग वर्गाला विचार, की कुठला निकाल आला असता तर थिअरी चुकली असं त्याने मानलं असतं? मला तरी खरी अडचण इथेच वाटते.

आणि प्लीज, 'लर्निंग स्टाइल्स'ची, म्हणजे कुणी बघून तर कुणी ऐकून जास्त चांगलं शिकतं या कल्पनेची, स्लाइड यात घुसडू नकोस, ते वेगळं आहे हे गार्डनर स्वतःच सांगतो.