प्रतिसाद: टाकीतल्या कॉइलचा बाहेरचा उष्णता-संक्रमण गुणांक h

> "सांगलीच्या होस्टेलची टाकी सुरुवातीला झपाट्याने तापते, मग रेंगाळते. h एकदाच काढला, तो चुकला का?"

h स्थिर नसतो, तिथेच गफलत होते. २५ मिमी बाह्यव्यासाची, १० मीटर लांब, आडवी तांब्याची कॉइल घ्या, आतून गरम पाणी वाहतंय. टाकीतलं पाणी ३० अंश, नळीचा पृष्ठभाग ७० अंश. गुणधर्म सरासरी ५० अंशांना घ्यायचे. रॅले अंक Ra साधारण ३.३×१०⁷ येतो, चर्चिल-चू सूत्राने नुसेल्ट अंक Nu ४८; k ही पाण्याची उष्णतावाहकता आणि D हा बाह्यव्यास, म्हणून h = Nu·k/D सुमारे १,२०० W/m²K. क्षेत्रफळ ०.७८५ चौ.मी., म्हणजे पाण्याला मिळणारी उष्णता Q जवळपास ३८ किलोवॅट.

आता पाणी ६० अंशांवर, पृष्ठभाग तोच धरा. h ९०० वर येतो, पण फरक फक्त १० अंश उरतो. Q अवघा ७ किलोवॅट! शिवाय ७० हा पृष्ठभागाचा अंदाज आहे, आतल्या पाण्याचं तापमान नव्हे. आतून येणारी उष्णता याच Q शी जुळेपर्यंत तो बदलत राहा. वेढे चिकटून असतील किंवा क्षार साचले असतील तर प्रत्यक्षात याहून कमीच मिळेल.