गोदामात पंखे पडून आणि शाळांना मदत: ही कंपनी नेमकी कोणत्या संकल्पनेची?

दांडियाबाजारची_आई:
मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला हा उतारा आला: "वडोदऱ्याजवळची एक कंपनी छताचे पंखे बनवते. मागणी घटली तरी कारखाना पूर्ण क्षमतेने चालू राहिला आणि गोदामात 4,000 पंखे साठले. कंपनीने टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या, डीलरला दहा पंख्यांवर एक मोफत दिला, विक्रेत्यांना महिन्याचं टार्गेट लावलं. कंपनी दरवर्षी नफ्याचे 2 टक्के आसपासच्या शाळांवर खर्च करते." कंपनी मार्केटिंगच्या पाच संकल्पनांपैकी कोणत्या संकल्पनेवर चालते ते ओळखायचं होतं. तिने सोसायटल, म्हणजे समाजहिताची, असं लिहिलं; सरांनी ते खोडून सेलिंग, म्हणजे माल खपवण्याची, असं केलं. शाळांचं वाक्य मग दिलंच कशाला?

रावपुरा_वाचक:
सर बरोबर आहेत. अशा उताऱ्यात कंपनीची अडचण कुठे आहे ते आधी शोधायचं. इथे अडचण गोदामात आहे: माल तयार आहे, गिऱ्हाईक नाही. त्यावर कंपनीने जे तीन उपाय केले, त्यातल्या एकानेही पंखा बदलला नाही. पाती तीच, मोटर तीच. बदललं ते फक्त माल पुढे ढकलायचं बळ. म्हणून सेलिंग.

शाळांचं वाक्य मुद्दाम चकवायला टाकलेलं दिसतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्यांची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यांपैकी एका मर्यादेला पोचतो, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. शिवाय धंद्याच्या नेहमीच्या कामकाजावरचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे हा पैसा कायद्यानेच धंद्याच्या बाहेरचा आहे. पंखा कसा बनतो आणि कसा विकला जातो, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

सयाजीगंज_कॉमर्स:
मला पटत नाही. हे टप्पे एकामागून एक आलेले आहेत: प्रॉडक्शन, प्रॉडक्ट, सेलिंग, मार्केटिंग आणि शेवटी सोसायटल. उताऱ्यात जो सगळ्यात पुढचा टप्पा दिसतो, तो उत्तर म्हणून धरावा. कंपनी सेलिंग करते हे मान्य, पण समाजाचाही विचार करते. मुलीचं उत्तर पूर्ण चूक कसं म्हणता?

रावपुरा_वाचक:
टप्प्यांची ही गोष्ट मुळात एका कंपनीच्या इतिहासावर उभी आहे. रॉबर्ट कीथ यांनी 1960 मध्ये पिल्सबरी या अमेरिकन पीठ कंपनीचा प्रवास मांडला: आधी पीठ दळण्यावर लक्ष, मग ते खपवण्यावर, मग गृहिणीला काय हवं यावर. पुढे पाठ्यपुस्तकांनी तोच क्रम सगळ्या उद्योगांना लावला. 1988 मध्ये रोनाल्ड फुलर्टन यांनी त्याला हरकत घेतली. ज्याला प्रॉडक्शनचा काळ म्हणतात, त्या काळातही कारखानदार माल खपवण्यासाठी जोरदार धडपडत होते, असं त्यांनी दाखवलं. त्यामुळे पुढची पायरी मागचीला खोडते, असं धरून चालता येत नाही.

परीक्षेपुरतं क्रमाकडे बघूच नये. मुलीला एवढंच विचारायला सांगा: नफा कुठून येणार असं ही कंपनी समजते? भरपूर आणि स्वस्त बनवून आला तर प्रॉडक्शन. दर्जा वाढवत नेऊन आला तर प्रॉडक्ट. आहे तो माल जोर लावून खपवला तर सेलिंग. गिऱ्हाइकाची गरज भागवून आला तर मार्केटिंग. आणि ती गरज भागवताना समाजाचं नुकसान होऊ न देता आला तर सोसायटल. पंखेवाल्यांचं उत्तर स्पष्ट आहे.

अलकापुरी_डिजिटल:
पण सोशलसाठी टीव्ही कशाला लागतो? आजकाल सोसायटल म्हणजे इन्स्टाग्राम, फेसबुकच. त्यांनी तिथे जाहिरात केली असती तर उत्तर बदललं असतं.

रावपुरा_वाचक:
नाही. जाहिरात कुठे दिली यावरून संकल्पना ठरत नाही. इन्स्टाग्रामवर तेच 4,000 पंखे रेटले, तरी सेलिंगच. आणखी एक गोंधळ होतो, तो आताच सांगतो. 1968 मध्ये सरकारने निरोध अगदी स्वस्त दरात, साबण आणि चहाच्या कंपन्यांच्या वितरकांमार्फत दुकानोदुकानी पोचवला. तिथे लोकांची सवय बदलणं हेच उद्दिष्ट होतं, नफा नव्हे; त्याला सोशल मार्केटिंग म्हणतात. सोसायटल संकल्पनेत कंपनी नफ्यासाठीच धंदा करते. दोन्ही वेगळे विषय आहेत.

मकरपुरा_वर्कशॉप:
आमच्याकडे ऑर्डर आल्याशिवाय मशीन चालतच नाही. गोदामात काही पडून नसतं. मग आम्ही मार्केटिंगवाले ना?

कारेलीबाग_ताई:
ऑर्डरवर बनवणं एवढ्यावरून सांगता येणार नाही. ड्रॉइंग पार्टीचं येतं आणि तुम्ही तेच कमी दरात काढून देता का? की पार्टीची अडचण ऐकून पार्ट बदलून सुचवता? पहिल्यात सगळं लक्ष दरावर आणि नगांवर आहे, ते प्रॉडक्शनच्या जवळ जातं. दुसरं मार्केटिंगच्या जवळचं. शिवाय पुस्तकातले पाच प्रकार छोट्या जॉबवर्कला नीट बसतीलच असं नाही.

रावपुरा_वाचकांना माझा एक प्रश्न. याच कंपनीने पंखाच बदलला असता तर? साधा 1200 मिमीचा पंखा 75 वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी मोटरचा साधारण 30 वॉट. रोज 10 तास चालला तर दिवसाला 0.45 युनिट वाचतं, म्हणजे 300 दिवसांत 135 युनिट. हे सोसायटल ना?

रावपुरा_वाचक:
उताऱ्यात एवढंच असेल तर मी मार्केटिंग लिहीन. 7 रुपये युनिट धरलं तर गिऱ्हाइकाचेच वर्षाला 945 रुपये वाचतात. त्याला हवं तेच मिळालं, समाजाचा फायदा ओघाने आला. सोसायटल तेव्हा, जेव्हा गिऱ्हाईक एक मागतं, समाजाचं हित दुसरीकडे असतं आणि कंपनी नुकसान सोसून मधला मार्ग काढते. डीलर स्वस्त 75 वॉटचाच पंखा मागताहेत, तरी कंपनीने ते मॉडेल बंद केलं असं वाक्य हवं.

कारेलीबाग_ताई:
इतकी कडक अट लावली तर सोसायटलचं उदाहरणच सापडणार नाही. कंपनीने उद्देशच वीज वाचवण्याचा ठेवला आणि गिऱ्हाइकाचाही फायदा झाला, तर त्यात वाईट काय? पुस्तकाला गिऱ्हाइकाचं समाधान आणि समाजाचं हित दोन्ही हवं असतं, दोघांत भांडण असलंच पाहिजे असं ते म्हणत नाही.

सयाजीगंज_कॉमर्स:
2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. मग नियम पाळण्यापुरता केलेला बदल कुठे मोजायचा?

रावपुरा_वाचक:
हा मुद्दा बरोबर. शाळांच्या 2 टक्क्यांना लावला तोच निकष इथेही: सक्तीने झालं त्यावरून कंपनीचा कल ठरवू नये, नियमाच्या पलीकडे काय केलं ते बघावं. ताईंच्या हरकतीवर मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. परीक्षेत समाजहिताचा उद्देश शब्दांत लिहिलेला असेल, तर मीही सोसायटल लिहायला सांगेन.

दांडियाबाजारची_आई:
मुलीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, निरमाने 1969 पासून सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त पावडर घरोघरी पोचवली, ते प्रॉडक्शन की मार्केटिंग?

कारेलीबाग_ताई:
उताऱ्यात फक्त "स्वस्त आणि सगळीकडे उपलब्ध" असेल तर प्रॉडक्शन लिही. पण सर्फ न परवडणाऱ्या घरांची गरज ओळखून तो भाव ठरवला असं वाक्य असेल, तर मार्केटिंग. खऱ्या निरमात दोन्ही होतं, म्हणून उताऱ्याच्या बाहेरचं ठाऊक असलेलं उत्तरात आणायचं नाही.