‘केणें’ला आज काय म्हणावं? (पाटण्याचा शिलालेख)

वैशाली, चाळीसगाव : दिवाळीच्या सुट्टीत एका संग्रहालयात आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखाचा ठसा बघितला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा हा लेख. खालच्या इंग्रजी पाटीचा फोटो काढून आणला. शाळेत पोरांसाठी तीच पाटी मराठीत लावायची आहे. मूळ ओळ अशी : ‘इयां पाटणीं जें केणें उघटे तेहाचा असि आउ जो राउला होंता ग्राहकापासीं तो मढा दीन्हला.’ पाटीवर ‘केणें’चं धान्य केलंय आणि साल १२०६ दिलंय. मला ‘धान्य’ पटत नाही. काय लिहू?

गिरणाकाठी : धान्य बरोबरच आहे की. कण, कणी, कण्या, त्यातलंच केणें. आमची आजी जात्याजवळ सांडलेल्या कण्या वेचायची.

जुना मोडीवाला : नाही दादा, कणाशी त्याचा संबंध नाही. संस्कृत ‘क्रयाणक’, म्हणजे विकायला आणलेली वस्तू, त्यावरून केणें आलं. ज्ञानेश्वरीतही ते मालाच्याच अर्थाने येतं. किराणाही त्याच क्रयाणकातून आला, म्हणजे दोघं सख्खे भाऊ. ओळीतच बघा, पुढे ‘उघटे’ आणि ‘ग्राहक’ आहेत. बाजारात गोणी, गाठोडं उघडतं, गिऱ्हाईक घेतं आणि त्या खरेदीवर राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. त्यात कापडही आलं, मसालाही आला. धान्य म्हटलं तर अर्धा बाजार बाहेर राहतो. वैशालीताई, ‘या पाटणात जो माल विक्रीला उघडेल’ असं लिहा.

शुद्धलेखनप्रेमी : ‘माल’ अरबी आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या मराठी लेखाखाली तो कशाला? ‘पण्य’ लिहा.

वैशाली, चाळीसगाव : सर, सातवीतली पोरं ‘पण्य’ वाचून मलाच अर्थ विचारतील.

शुद्धलेखनप्रेमी : विचारू द्या. विचारलं तरच शब्द जगतो.

गिरणाकाठी : मार्केट यार्डात रोज ‘माल आला, माल उतरला’ चालतं. तो शब्द आता आपलाच झाला. आणि ‘दीन्हला’ वाचून अंगावर काटा आला. आमच्या अहिराणीत अजून ‘दिन्हं’ म्हणतात! प्रमाण मराठीने ‘दिला’ केलं, आम्ही ‘न्ह’ सोडला नाही.

जुना मोडीवाला : हे पाटीवर यायलाच हवं, ताई. ‘दीन्हला’ मूळ रूपात ठेवा. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला तो शब्द समजवावा लागणार नाही. आता सालाचं बघू. पाटीवाल्याने शके ११२८ मध्ये ७८ मिळवून १२०६ काढलं. पण दगडावर ‘प्रभव संवत्सरे’ही आहे. १९८७ च्या पाडव्याला शके १९०९, प्रभव लागला होता. साठ-साठची तेरा आवर्तनं, म्हणजे ७८० वर्षं मागे गेलं की शके ११२९ येतं. श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण आणि प्रभव धरून अभ्यासकांनी ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख मानली आहे.

प्रकाश, धुळे : तो गत आणि वर्तमान शकाचा फरक. एक वर्ष इकडचं तिकडे होतंच.

जुना मोडीवाला : फरक असतो, पण इथे तो उलटा पडतो. पंचांगातला आकडा गत वर्षांचा असतो, वर्तमान मोजलं तर एक वाढतो. मग दगडावर ११३० हवं होतं. इथे तर एक कमी आहे. म्हणून आकडा आणि संवत्सर दोन्ही दगडावर आहेत तसेच लिहा आणि इसवी सन १२०७ द्या.

प्रकाश, धुळे : माझ्या वडिलांच्या पत्रिकेत शके १८६८, पौष वद्य होतं. शाळेत कुणीतरी ७८ मिळवून १९४६ लावलं. जन्म जानेवारीतला, म्हणजे १९४७ हवं होतं. वर्षभर आधी निवृत्त झाले.

वैशाली, चाळीसगाव : अरेरे. हे वर्गात सांगते, काका. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९ हे पोरांच्या कायम लक्षात राहील. मी ‘माल’ लिहितेय, कंसात मूळ ‘केणें’. पण ‘असि आउ’ अडलंय. ‘आउ’ म्हणजे आय, उत्पन्न, हे कळतं. ‘असि’चं काय?

शुद्धलेखनप्रेमी : ‘असि’ म्हणजे ‘असा’. तोडून वाचा.

जुना मोडीवाला : मी ‘असिआउ’ जोडून वाचतो, एका कराचं नाव म्हणून. शब्दांमध्ये जागा सोडायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे दगड निवाडा देत नाही.

गिरणाकाठी : त्याच लेखात घाण्यामागे पळीभर तेलाचंही दान आहे ना? आमच्याकडे फोडणीला पळीच लागते. इंग्रजी पाटीवर पळीचं काय केलंय, ताई?

वैशाली, चाळीसगाव : चमचा!