चहाचा चोथा, कॉफीचा गाळ आणि अंड्याची टरफलं: कुंड्यांत नक्की कसं घालायचं?

पडवीतली_ताई
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं घरगुती राहण्या-जेवण्याचं आहे. सीझनला सकाळी आमलेट-भुर्जी, चहाचं आधण दिवसभर चालूच आणि आता पाहुण्यांना फिल्टर कॉफी पण लागते, त्यामुळे रोज डबाभर चोथा आणि टोपलीभर टरफलं निघतात. टाकायला जीव होत नाही. सध्या टरफलं हाताने चुरून टोमॅटो, मिरची आणि अनंताच्या कुंडीत वर पसरते, चोथा पण तसाच वर घालते. पण टोमॅटोची बुडं काळी पडतायत, अनंताची पानं पिवळी होतायत आणि चोथ्याला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. काय चुकतंय? शिवाय पावसाळ्यात हे सगळं कसं सांभाळायचं तेही सांगा. माती आमची इथलीच, तांबडी जांभ्याची.

बाल्कनी_बहाद्दर
ताई सोप्पं आहे, तिन्ही वस्तू एकत्र वाळवून मिक्सरला लावा आणि सगळ्या झाडांना महिन्यातून एकदा मूठभर घाला. अंड्यात कॅल्शियम म्हणून टोमॅटो सुधारेल आणि कॉफी ॲसिडिक असते त्यामुळे अनंत खूश होईल. मी ठाण्यात असंच करतो, गुलाब मस्त येतात.

कलमं_आणि_कातळ
दादा, अर्धं बरोबर आहे पण तेवढ्यावर ताईंचं काम व्हायचं नाही. मी दापोलीकडे नर्सरी करतो, हे प्रश्न रोज येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टरफल. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. माती आंबट असेल तर ते हळूहळू विरघळतं आणि आपली जांभ्याची माती पावसाने धुऊन धुऊन मुळात आंबटच असते, कॅल्शियमही कमी, त्यामुळे कोकणात टरफलाचा उपयोग देशावरच्या काळ्या चुनखडीच्या मातीपेक्षा जास्त. पण हाताने चुरलेलं टरफल जवळपास काहीच देत नाही. पुढच्या वर्षी कुंडी उपसून बघा, ते तुकडे जसेच्या तसे सापडतील, आतला पापुद्रा सुद्धा कधी कधी चिकटलेला असतो. पिठासारखी पूड हवी, वस्त्रगाळ, चिमटीत धरली तर खर लागता नये.

करायचं असं. टरफलं धुवायची, उकडलेल्या अंड्याची असतील तर आतला पापुद्रा निघेल तेवढा काढायचा, आणि उन्हात कडक वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसतं तर रोजचं भाकरीचं काम झालं की गरम तव्यावर पसरून ठेवायची, हातात मोडताना कट्ट आवाज आला की झाली. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात, चटणीच्या नव्हे, त्यासाठी जुनं भांडं ठेवा कारण पात्याची धार जाते. डझनभर टरफलांची साधारण 60 ग्रॅम पूड होते. बाराएक इंची कुंडीला लागवडीच्या वेळी मोठा सपाट चमचाभर मातीत मिसळायची, वर पसरायची नाही. झालं, त्या कुंडीला वर्षभर पुरे.

आता टोमॅटो. बुडाला काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग म्हणजे फळात कॅल्शियम पोचत नाहीय. बहुतेक वेळा मातीत नसतं असं नाही, पाणी कधी भरपूर आणि कधी नाही असं झालं की मुळाला ते वर चढवता येत नाही. पाहुण्यांच्या गर्दीत दोन दिवस पाणी राहिलं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं असं होतंय का बघा. होत असेल तर टरफलाच्या आधी पाण्याची वेळ सुधारा आणि कुंडीवर पाचोळ्याचा थर द्या. डाग पडलेलं फळ पुन्हा नीट होत नाही, ते तोडून टाका, त्यानंतर नव्याने धरलेली फळं काय करतात त्यावरून समजेल.

पडवीतली_ताई
अगदी अगदी, शनिवार-रविवारी पाण्याला वेळच नसतो, सोमवारी एकदम देते. आणि अनंत?

कलमं_आणि_कातळ
अनंत वेगळं प्रकरण. त्याला आंबट मातीच आवडते, म्हणजे चुना त्याचा शत्रू. आधी सांगा, पिवळी होतायत ती वरची कोवळी पानं की खालची जुनी? कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह मिळत नाहीय. जुनी खालची असतील तर नत्र कमी किंवा नुसती पानगळ. तुमची हाताने चुरलेली टरफलं इतक्या लवकर माती बदलतील असं मला वाटत नाही, पण तरी अनंताच्या कुंडीतून ती वेचून काढा आणि पुढे पूडही घालू नका. एक्झोरालाही नको.

पडवीतली_ताई
कोवळीच पानं, शिरा हिरव्या. कुंडी मागच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून आहे, त्या भिंतीचा गिलावा नुकताच केलाय. पाणी बोअरचं.

कलमं_आणि_कातळ
मग गिलाव्याचं सिमेंट कुंडीत पडलंय का बघा, आणि बोअरचं पाणी जड असू शकतं. मोटरजवळच्या बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर तेच कारण असण्याची शक्यता जास्त. दोन्हीतलं नक्की कुठलं ते इथून सांगता येणार नाही. कुंडी तिथून हलवा, पागोळीचं पाणी साठवून ते घाला आणि लोहासाठी हिराकस अगदी थोडी, चहाचा पाव चमचा लिटरभर पाण्यात, एकदाच द्या. जास्त घातली तर मुळं जळतात.

तिसऱ्या_वाली
आमच्याकडे देवगडात तर अंडी कमी आणि तिसऱ्या-कालवं जास्त. त्यांच्या शिंपल्या घातल्या तर चालतात का? नारळाच्या बुडात ढीग आहे, आजीच्या काळापासून. नारळ मात्र माकडं खातात ते कुणाला सांगणार!

कलमं_आणि_कातळ
तिसऱ्याही तेच, कॅल्शियम कार्बोनेटच. मीठ धुऊन काढायला हवं, आणि कुटायला टरफलापेक्षा कितीतरी कठीण, पाट्यावर जमणार नाही. नारळाच्या बुडात राहू द्या, हरकत काही नाही. माकडांचा धागा वेगळा काढा, तिथे आपण सगळेच रडू.

बाल्कनी_बहाद्दर
मग कॉफी ॲसिडिक हे तरी खरं ना?

कलमं_आणि_कातळ
आंबटपणा बराचसा कपात उतरतो. उरलेला गाळ जवळपास तटस्थ होतो, त्याने अनंताची माती आंबट होणार नाही. गाळात नत्र साधारण 2 टक्के आहे, पण ते कुजल्यावर मिळतं, लगेच नाही. तुमचे गुलाब येतायत ते बहुधा एकूण खतामुळे. ताजा गाळ कुंडीत जाड पसरला की वाळून त्याची पापडी धरते आणि पाणी वरूनच सरकून जातं, कुंडीत ओतून बघा, बाजूने सुटका होताना दिसेल. शिवाय गाळात कॅफीन उरलेलं असतं, रोपं नुकती उगवलेल्या वाफ्यात घालू नका, खुंटतात.

मीठमसाला_मावशी
खताचं मला कळत नाही, स्वयंपाकघरातलं सांगते. कॉफीचा गाळ वाळवून झाकणात ठेवा, बांगडा साफ केल्यावर हातावर चोळून मग साबण लावला की वास बराच कमी होतो. तव्याला लागलेलं तेलकट पण घासायला चांगलं. नॉनस्टिकला नको, चरे पडतात. थर्मासात चहाचे डाग धरले की टरफलाचा चुरा आणि थोडं गरम पाणी घालून खळखळवते मी, निघतात, पण नंतर दोनदा विसळा. छोल्याला रंग यायला चहाची पोटली घालतात ती ताज्या पत्तीची, उकळलेल्या चोथ्याने नुसता कडवटपणा येतो. आणि गाळ मोरीत ओतू नका हो, आमच्या सांडपाण्याच्या पाइपमध्ये सिमेंटसारखा बसला होता.

पडवीतली_ताई
मावशी, पाइपचं आमच्याकडेही झालंय. चहाच्या चोथ्याचं कोण सांगेल? दुधाचा असतो, आलं-गवती चहा पण त्यातच.

वाडीतला_गांडूळवाला
मुंग्या दुधा-साखरेमुळे. चोथा गाळणीत घेऊन दोनदा साध्या पाण्याने धुवा आणि मुठीत दाबून पिळा. आलं, वेलची, गवती चहाच्या काड्या राहिल्या तरी कुजतात. धुतलेलं पाणी केळीच्या बुडात. आता हा धुतलेला चोथा थेट कुंडीत घालण्यापेक्षा कंपोस्ट करा, पावसाळ्यात तर त्याशिवाय इलाज नाही कारण ओल्या मातीवरचा चोथा एका रात्रीत बुरशीने पांढरा होतो.

माझ्याकडे झाकणाचा ड्रम आहे, बाजूला भोकं पाडलेली, पडवीत, पागोळी लागणार नाही असा. एक भाग चोथा-गाळ आणि अडीच-तीन भाग सुका पातेरा, किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा. कॉफीचा गाळ एकूण ढिगाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. पातेरा मे महिन्यातच पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवून घ्या, जुलैत शोधायला गेलात तर भिजलेला मिळेल आणि सगळं चिखल होईल. आठवड्यातून एकदा उलथापालथ. ओलावा कसा बघायचा, मूठ दाबली की बोटांतून एखादा थेंब दिसावा, धार लागली तर जास्त ओलं. आंबूस वास आला की पातेरा वाढवा. अमोनियासारखा, गोठ्यातला वास आला तरी तेच, चोथा जास्त झालाय. पावसात त्यात राखाडी-तपकिरी जाड अळ्या दिसतील, घाबरू नका, त्या कुजवणाऱ्या माशीच्या असतात, झाडाला त्रास देत नाहीत. काळं, मातीच्या वासाचं झालं की कुंडीत मातीचा पाचवा हिस्सा मिसळायचा.

बाल्कनी_बहाद्दर
टी-बॅग पण टाकू का ड्रममध्ये? आमच्याकडे ऑफिसवाल्या ग्रीन टीच्या असतात.

वाडीतला_गांडूळवाला
फाडून पत्ती टाका, पिशवी कचऱ्यात. बऱ्याच पिशव्यांत प्लॅस्टिकचे धागे असतात, ते नंतर कुंडीत जाळीसारखे सापडतात.

तिसऱ्या_वाली
अजून एक, गोगलगायींना टरफलाचं कुंपण चालतं म्हणतात. पावसात कोबीचं सगळं पान चाळण होतं आमचं.

कलमं_आणि_कातळ
माझ्याकडे अजिबात चाललं नाही, टरफलावरून बिनदिक्कत चढतात. गोगलगायीला शंखासाठी चुना लागतोच, तुम्ही तिला पौष्टिक अन्न देताय. रात्री टॉर्च घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे हाच खात्रीचा उपाय आहे, कंटाळवाणा आहे हे मान्य.

बाल्कनी_बहाद्दर
टरफलं व्हिनेगरमध्ये विरघळवून फवारतात असं वाचलंय, फेस येतो, मग दोन-तीन दिवसांत पाणी तयार.

कलमं_आणि_कातळ
फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे टरफल विरघळतंय, हे खरं आहे. पाण्यात भरपूर पातळ करून देतात, पण प्रमाण चुकलं की पानं करपतात. मला त्यापेक्षा पूड बरी वाटते. काहींना तो प्रयोग आवडतो, त्यांच्याशी भांडणार नाही.

पडवीतली_ताई
छान. तवा आणि जुनं भांडं ठरलं, ड्रमही शोधते. एक राहिलं, या पुडीने माती किती सुधारली हे मोजता येतं का?

कलमं_आणि_कातळ
कुंडीच्या मातीवर खर्च करू नका. परसातल्या वाफ्याची मात्र तपासून घ्या, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात होते. वाफ्यात आठ-दहा ठिकाणची, वितभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो न्या, पूड घालायच्या आधीची. सामू, म्हणजे मातीचा pH, 6 च्या वर असेल तर टरफलं नुसती ड्रममध्ये टाका, वेगळी पूड करत बसू नका.