मदत हवी आहे: दूतावासाच्या ड्रायव्हरवर खटला चालेल का?

नमस्कार मंडळी, मूट कोर्टसाठी यजमान देशाची बाजू माझ्या वाट्याला आली आहे. दूतावासाचा ड्रायव्हर राजदूतांना विमानतळावर सोडतो आणि परतताना वाट वाकडी करून मित्राकडे जेवायला जातो. तिथून निघाल्यावर सिग्नल तोडून एका स्कूटरवाल्याला उडवतो.

1961 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 37(3) वाचलं. ड्रायव्हर सेवकवर्गात मोडतो, म्हणजे त्याला राजदूतासारखं सरसकट संरक्षण नाही. फक्त कामाच्या ओघात केलेल्या कृतींपुरतं. (तो इथलाच नागरिक असता तर कलम 38 मुळे तेवढंही आपोआप मिळालं नसतं, पण प्रश्न काढणाऱ्यांनी ती सोय ठेवलेली नाही.)

घोडं अडलंय ते इथे: जेवण आटोपून तो गाडी दूतावासातच परत नेत होता. मग तो पुन्हा कामावर रुजू झाला म्हणायचा का? आणि ‘तो ड्यूटीवर होता’ असं दूतावासाने लिहून दिलं, तर ते न्यायालयावर बंधनकारक, की नुसता एक पुरावा? कलम 32 प्रमाणे पाठवणारा देश संरक्षण सोडू शकतो. वॉशिंग्टनमधल्या 1997 च्या अपघातानंतर जॉर्जियाने आपल्या राजनैतिक अधिकाऱ्याचं सोडलंही होतं. इथे मात्र साफ नकार आहे.

‘कामाचा ओघ’ नेमका कुठे तुटतो, यावर कुणाला एखादा निकाल माहीत आहे का? कुठल्याही देशाचा चालेल.